केक तुटायला हवा होता

धाकटीच्या बोटांना आधी कळलं, डोक्याला मागाहून.

माहेरी बरेच दिवस राहून ती नुकतीच परतली होती. पिशव्या अजून बेकरीच्या मागच्या दारातच पडल्या होत्या, आणि लेक चिऊ तिच्या कमरेला लोंबकळत "आई, भूक" असा एकच मंत्र जपत होती. आत भट्टीच्या खोलीत पावाचा घाणा नुकताच निघाला होता. थोरले दीर, म्हणजे भाऊजी, कपाळावरचा घाम दंडाला पुसत, हातात बशी घेऊन सामोरे आले. बशीत केकचा जाड काप होता. पिवळसर, नीट कापलेला, कडा कशा सुरीने आखल्यासारख्या.

"घे, तुझ्या लेकीचा केक. तू गेलीस आणि केक सुधारला बघ," भाऊजी म्हणाले.

"म्हणजे मी होते तोवर बिघडलेला होता?"

"मी कुठे म्हटलं? गिऱ्हाईक म्हणतं." आणि ते काउंटरकडे बघून मोठ्याने हसले. तिथून जाऊबाईंनीही हुंकार दिला. "खरंच गं धाकटे, हल्ली संध्याकाळपर्यंत एक काप उरत नाही. आधी आपणच खात होतो संपत नाही म्हणून."

धाकटीला वाईट वाटलं. वाईट वाटल्याचं जास्त वाईट वाटलं. चिऊसाठी खपून उभा केलेला केक लोकांना आवडतोय, तर आनंद नको का व्हायला? तिने बशी घेतली, एका स्टुलावर चिऊला बसवलं, आणि नेहमीच्या सवयीने कापाचं टोक मोडून लेकीच्या तोंडाशी नेलं. चिऊने पाखरासारखी चोच उघडली.

आणि बोटं थांबली.

कारण टोक मोडलं नव्हतं. फाटलं होतं.

तिचा केक मोडायचा. कट्‌कन नाही, पण दाबलं की सुटायचा, आणि सुटताना चार कण तळहातावर ठेवून जायचा. हा केक आधी ताणला गेला, मग नाइलाज झाल्यासारखा तुटला. तुटलेल्या जागी बारीक धागे उभे होते, कापूस पिंजल्यावर राहतात तसे. आणि आतली जाळी! तिच्या केकची जाळी बारीक, गोल, एकसारखी. ह्यात लांबट बोगदे होते, तळातून वर चढत गेलेले.

"आई, दे ना!"

"थांब बाळा." धाकटीने तो घास मुठीत आवळला. "हा नाही. थांब."

"हा माझाच केक आहे!"

"हो गं सोनू. म्हणून तर थांब म्हणते."

चिऊने ओठ काढला. दोन्ही गालांवरून पाणी ओघळायला लागलं. सासूबाई जिन्याच्या पायरीवर डाळ निवडत होत्या, त्यांनी मान वर केली. "प्रवासातून उपाशी आलंय लेकरू. तोंडचा घास काढून घेतेस?"

लेकीच्या तोंडचा घास काढून घेणं म्हणजे काय, हे सासूबाईंनी धाकटीला सांगायची गरज नव्हती. चिऊ रांगायला लागल्यापासून तिने दुसरं काय केलं होतं? पाव काढून घेतला, बिस्कीट काढून घेतलं, शेजारणीने प्रेमाने दिलेली खारी काढून घेतली. बेकरीवाल्यांची नात आणि गव्हाचा कण चालत नाही! आधी सगळे म्हणायचे, पोर किरकिरी आहे, आईच्या वळणावर गेलीय, खात नाही म्हणून वाळलीय. पोट नगाऱ्यासारखं आणि पाय काड्यांसारखे. शेवटी डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि सीलिअ‍ॅक असं नाव सांगितलं. गव्हातलं ग्लूटेन पोटात गेलं की तिचं स्वतःचं शरीरच आतड्याच्या अस्तराशी भांडायला लागतं. औषध एकच, गहू, जव, मैदा, रवा जन्मभर बंद. "थोडासा चालेल का?" धाकटीने विचारलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "थोडासा म्हणजे किती ते आतड्याला समजत नाही. ताटातला कणसुद्धा नको."

तेव्हापासून वरच्या मजल्यावरची सामानाची खोली धाकटीची झाली. चिऊसाठी वेगळा मिक्सर, वेगळी चाळणी, वेगळे डबे, लाल फीत बांधलेले केकचे साचे. खालच्या हवेत मैदा तरंगतो, म्हणून वर जाताना कपडे बदलायचे, हात कोपरापर्यंत धुवायचे. भाऊजी त्या खोलीला "सोवळ्याची खोली" म्हणायचे. म्हणोत. त्या खोलीतून चिऊचे गाल परत आले होते.

आणि केक? बाई गं, तो पहिला केक! नुसत्या तांदळाच्या पिठाचा. सुरी लावली आणि तो ओल्या वाळूच्या किल्ल्यासारखा बसला. चमच्याने खावा लागला. चिऊ मात्र खूश, "केकचा भात" म्हणून दोनदा मागितला. धाकटी हळूहळू शिकत गेली. मैद्यात पाणी पडलं की ग्लूटेनची जाळी विणली जाते, ती हवेचे बुडबुडे धरून ठेवते. तांदळाला असं विणकाम येतच नाही. तांदूळ म्हणजे सुटे सुटे कण, प्रत्येकाचं तोंड दुसरीकडे. त्यांना एकत्र ठेवायला कुणीतरी मध्यस्थ हवा. तिने इसबगोल पाण्यात भिजवून त्याचा बुळबुळीत गोळा करून घातला, अंडी वाढवली, तांदळात ज्वारीचं पीठ मिसळलं. केक उभा राहायला लागला. पण ओलसर, जरा जड, आणि जिभेवर शेवटी बारीक रवाळ खर. ती खर काही जात नव्हती. हे धाकटीला कुणापेक्षाही जास्त माहीत होतं.

आज तिच्या हातातल्या घासात खर नव्हती. ओल नव्हती. इसबगोलाचे तपकिरी ठिपके होते, पण मोजके. आणि दाबलं की तो बोटाला ढकलून टुणकन वर येत होता. इसबगोलाचा केकही वर येतो, पण आळसावलेल्या मांजरासारखा, सावकाश.

"भाऊजी," ती म्हणाली, "ह्यात काय घातलंत?"

"तुझंच सगळं. तांदूळ, ज्वारी, तो तुझा शेवाळ्यासारखा इसबगोल. जरा हात लागतो माणसाचा, त्याला काय करणार?"

"मैदा घातलात."

भट्टीचं दार कुणी उघडं टाकलं होतं, त्याचीच धग तेवढी हालत होती. जाऊबाई काउंटरवरून आत आल्या. मागोमाग चिऊचे बाबा आले. त्यांना पाव पोचवून यायला उशीर झाला होता, बायको आली म्हणून चेहऱ्यावर आनंद होता. तो तिथेच अर्धवट राहिला.

"डोकं फिरलंय का तुझं?" भाऊजी म्हणाले. "आल्या आल्या आरोप? इसबगोल जास्त घातला म्हणून बांधला गेलाय."

"इसबगोल जास्त झाला तर केक चिकट होतो, मधे डिंकासारखा बसतो. असे धागे सुटत नाहीत."

"मग अंडी."

"अंड्याने रबरासारखा होईल, पण हे बोगदे? हे बघा. हे मैदा फेटल्याचे बोगदे आहेत. तुम्हीच मला शिकवलंत ना लग्न होऊन आले तेव्हा? 'मैदा पडला की हात आवर, नाहीतर केकला भोकं पडतील उंदराच्या बिळासारखी.' हे शब्द तुमचे."

भाऊजींनी कापाकडे पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं, कारण त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर रागाऐवजी कारागिराची लाज आली. वाईट जाळीची लाज. ती त्यांना लपवता आली नाही.

"तूच सांगून गेलीस," ते पुटपुटले. "पीठ घातल्यावरही खुशाल फेटा म्हणून. मशीन लावून मी पावाकडे गेलो."

"हो, सांगून गेले. तांदळाला फेटलं तर काही होत नाही, कारण त्यात ताणायला काही नसतंच. मैद्याला होतं." धाकटीने काप त्यांच्यासमोर धरला. "जन्मात पहिल्यांदा माझं ऐकलंत भाऊजी, आणि तेही नको तिथे."

जाऊबाईंच्या तोंडून नकळत हसू फुटलं. त्यांनी ते लगेच गिळलं. नवऱ्याने बघितलं होतंच.

"दादा, खरं काय ते सांग," चिऊचे बाबा हळूच म्हणाले.

"अरे, काय खरं सांग? माझ्याच भट्टीत मला उलटतपासणी? एका फाटक्या कापावरून? हिला बेकरीत येऊन किती वर्षं झाली आणि मला किती?"

"कापावरून नको," धाकटी म्हणाली. "पिठावरून बघू."

ती वर गेली. कपडे बदलायचं तिच्या लक्षात आलं आणि तिने स्वतःला हसून घेतलं, कसलं सोवळं आता? तिच्या खोलीचा वास तिला परका लागला. खिडकीत तिचा मोठा डबा होता, तांदूळ-ज्वारीच्या कोरड्या मिश्रणाचा. इसबगोल ती वेगळा ठेवायची, आयत्या वेळी भिजवायची, त्यामुळे डब्यात पीठ सोडून काही असायचं कारण नव्हतं. तिने झाकण काढलं. तिचं पीठ किंचित करडं असायचं, ज्वारीमुळे. हे पांढरं झालं होतं. इतकी साधी गोष्ट! पण घरातल्या कुणी वर येऊन झाकण कशाला उघडावं?

तिने डबा उचलून खाली आणला. एका वाडग्यात त्यातलं पीठ घेतलं, शेजारच्या वाडग्यात स्वतःच्या पिशवीतलं तसंच तांदूळ-ज्वारीचं. माहेरच्या गिरणीतून, आधी थोडे तांदूळ दळून साफ केलेल्या जात्यावर दळून आणलेलं. दोन्हीत पाणी घालून तिने दोन गोळे मळले. डब्यातला गोळा लगेच हाताला गुळगुळीत लागला. पिशवीतला फुटत होता, त्याला थापटून थापटून एकत्र धरावं लागत होतं.

"आता हे भिजत ठेवायचे," ती म्हणाली. "तोवर कुणीही केकला हात लावणार नाही."

"नाटक," भाऊजी म्हणाले. पण जागचे हलले नाहीत.

तेवढ्या वेळात चिऊला जाऊबाईंनी केळं दिलं. सासूबाई डाळ निवडायची थांबल्या होत्या, पण सूप मांडीवर तसंच होतं. भट्टीतल्या दुसऱ्या घाण्याची वेळ झाली तेव्हा भाऊजींनी तो काढला आणि रोजच्यासारखं पावाच्या पाठीवर टिचकी मारून बघितलं. हात त्यांचा सोन्याचा होता, हे धाकटीने कधीच नाकारलं नव्हतं. म्हणून तर चीड येत होती. ज्याला येत नाही त्याने फसवलं तर माणूस म्हणतो, जाऊ दे.

मग तिने मोरीत बारीक गाळणं ठेवलं, नळ बारीक सोडला आणि पिशवीतला गोळा पाण्याखाली धरून चोळायला लागली. दूध वाहावं तसं पांढरं पाणी वाहिलं. गोळा बोटांमधून विरघळत, चुरत, निसटत गेला आणि शेवटी गाळण्यात नुसते जरासे कण उरले. तिने ते सगळ्यांना दाखवले. मग डब्यातला गोळा. त्यातूनही पांढरं पाणी गेलं, बराच वेळ गेलं. पण मग ते पाणी पातळ होत आलं आणि तिच्या तळहातात काहीतरी राहिलं. फिकट करडं, चिकट, लवचीक. सुपारीएवढं. तिने दोन बोटांत धरून ओढलं. ते लांबलं, आणि सोडल्यावर हळूच आखडलं.

"तांदूळ असं करत नाही," धाकटी म्हणाली. "ज्वारी असं करत नाही. हे कुठून आलं भाऊजी?"

भाऊजींनी तो लवचीक तुकडा बघितला. आयुष्यभर त्यांनी ह्याच वस्तूवर पोट भरलं होतं, पिठातला हा ताण हातांनी ओळखून पाव फुगवले होते. त्याला ते नाही कसं म्हणणार?

"बरं, घातला!" ते एकदम ओरडले. "घातला मैदा. निम्मासुद्धा नाही. काय करू? गिऱ्हाईक येऊन तोंडावर सांगतं, केकमध्ये वाळू आहे म्हणून. भुगा पडतो म्हणून. ह्या दुकानाच्या केकमध्ये वाळू! बाबांच्या हयातीत असं कुणी बोललं असतं? तुझ्या केकपायी दुकानाचं नाव जायला लागलं. अन् घेणारे सगळे काय आजारी असतात होय? निम्मे नुसते फॅशन म्हणून घेतात. त्यांना कुठे काय झालं?"

"आणि निम्मे?"

"काय निम्मे?"

"उरलेले निम्मे, भाऊजी. त्यांचं काय?"

"एवढ्याशा मैद्याने कुणी मरत नाही."

हे वाक्य धाकटीने आधीही ऐकलं होतं, नातेवाइकांकडून, शेजारणींकडून, बालवाडीच्या बाईंकडून. दर वेळी तिने ते हसून टाळलं होतं. आज टाळता येईना.

"मरत नाही," ती म्हणाली. "खरं आहे. नुसती वाळतात. रोज थोडी थोडी. पोटात कळ येते आणि आपण म्हणतो, किरकिरी आहे. तुमच्याच मांडीवर बसून ही रडायची, आठवतं? तुम्हीच तिला पावाचा मऊ गाभा भरवायचा आणि म्हणायचा, खा गं चिऊ, खा. तेव्हा आपल्याला माहीत नव्हतं. त्याबद्दल मी कधी एक शब्द काढला का? नाही ना? पण आता तुम्हाला माहीत होतं. आज ती बशी तुम्ही स्वतःच्या हाताने माझ्या हातात दिलीत, 'तुझ्या लेकीचा केक' म्हणून!"

भाऊजी हळू आवाजात म्हणाले, "ते... ते डोक्यातच आलं नाही. रोज विकून विकून मलाच तो बिनगव्हाचा वाटायला लागला होता."

आणि हे खोटं नव्हतं. त्यांच्याकडे बघून कळत होतं. आपल्याच थापेवर विश्वास बसलेला माणूस कसा दिसतो, ते धाकटीने त्या दिवशी पाहिलं. पण तिला दया आली नाही. उलट अंगाचा भडका उडाला. ठरवून केलं असतं तर निदान ह्या माणसाने बशी देताना हात आखडला असता!

सासूबाई सूप बाजूला ठेवून उठल्या. त्या आता कुणाची बाजू घेणार, सगळ्यांना माहीत होतं. थोरला त्यांचा जीव की प्राण. त्या आल्या, बशीतला काप उचलला, तोडून बघितला. मग मुलाकडे न बघता म्हणाल्या, "मघाशी मी हिला बोलले, घास काढून घेतेस म्हणून." आणि काप कचऱ्याच्या डब्यात टाकला.

तेवढ्यात काउंटरवरची घंटी वाजली.

पलीकडच्या गल्लीतल्या वाचनालयाचे ग्रंथपाल काका आले होते. उंच, जरा वाकलेले, नेहमी कापडी पिशवी खांद्याला. त्यांनाही चिऊचाच आजार होता, फक्त उतारवयात सापडलेला. धाकटीचा केक पहिल्या दिवशी विकत घेणारा माणूस हाच. भुगा पिशवीच्या तळाशी साठतो, तो दुधात घालून खातो, असं कौतुकाने सांगायचे.

"आलात का माहेरून? बरं झालं," ते म्हणाले. "तुमचा केक छान होतोय हो आता. द्या दोन काप. पण जरा पातळ द्या. पोट पुन्हा बिघडलंय माझं, बरेच दिवस झाले. काय खाण्यात येतंय कळत नाही. सगळं बंद करून बघितलं, भाजी विकतची बंद, चहा बंद. आता फक्त घरचा भात आणि तुमचा केक. तेवढ्यावर भरवसा आहे."

जाऊबाईंचा हात काचेच्या कपाटावरच थबकला. भाऊजी आतल्या दारात उभे होते. त्यांनी धाकटीकडे पाहिलं आणि मान अगदी किंचित हलवली. नको. आत्ता नको. मागून बघू.

चिऊचे बाबा धाकटीच्या कानाशी आले. "आपण त्यांना नंतर घरी जाऊन सांगू. इथे, भर दुकानात..."

"भर दुकानात विकलाय," धाकटी म्हणाली. मग पुढे होऊन काउंटरच्या कडेला दोन्ही हात टेकले. "काका, तुमचं पोट ह्या केकनेच बिघडलंय. मी नव्हते तेव्हा त्यात मैदा मिसळला गेला. आमच्याकडून. तुमची काही चूक नाही. चहा प्या खुशाल. पण डॉक्टरांना दाखवा आणि त्यांना हे सांगा."

काकांनी पिशवीचा पट्टा खांद्यावर सारखा केला. धाकटीला वाटलं, आता ओरडतील. ओरडावंच त्यांनी.

"मी भाजीवाल्याशी भांडलो," काका शेवटी म्हणाले. "बिचाऱ्याशी. म्हटलं, तुझ्या टोपलीला पिठाचे हात लागतात. हे दुकान सोडून सगळ्या जगावर संशय घेतला मी." त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. "आणि तुम्ही मला तुमच्या हाताने बांधून देत होतात. 'काका, आज ताजा आहे' म्हणत."

भाऊजींनी मान खाली घातली. काका वळले आणि निघाले. घंटी पुन्हा वाजली. इतकी लहान घंटी, पण भट्टीपर्यंत ऐकू गेली.

धाकटीने कपाटावरचा 'गव्हाशिवाय' असा पुठ्ठा काढला. केकचे उरलेले काप उचलून साध्या केकच्या ताटात ठेवले. साधा केक म्हणून ते उत्तमच होते. मग पुठ्ठ्याच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'मागच्या काही दिवसांतल्या ह्या केकमध्ये मैदा होता. ज्यांना गहू चालत नाही त्यांनी कृपया भेटा.' आणि तो काचेला आतून चिकटवला. भाऊजींनी तोंड उघडायच्या आतच जाऊबाई म्हणाल्या, "राहू दे, छान दिसतंय."

पुढचे दिवस वरची खोली धुण्यात गेले. चाळणी फेकावी लागली, जाळीतून मैदा निघत नाही. लाकडी उलथनं फेकलं. साचे, डबे, मिक्सरचं भांडं, फळ्या, खिडकीचा कठडा, सगळं साबणाच्या पाण्याने. पहिल्या सकाळी धाकटी वर गेली तर भाऊजी आधीच तिथे होते. घरचे धुतलेले कपडे घालून, हात कोपरापर्यंत ओले. लाल फितीचा साचा घासत होते. फीत त्यांनी काढून नवीन आणली होती.

ती दारातच थांबली. "तुम्ही घासलंत तरी मी पुन्हा घासणार."

"घास," ते म्हणाले. "घासायलाच हवं."

त्यांनी माफी मागितली नाही, तिने दिली नाही. शेजारी शेजारी दोघं घासत राहिले. मग मधेच, साच्यातून नजर न काढता भाऊजी म्हणाले, "तुझं पीठ तहानलेलं राहतं."

"काय?"

"तांदळाचा कण कडक. लगेच भट्टीत टाकतेस, त्याला पाणी प्यायला वेळच मिळत नाही. म्हणून जिभेला खर लागते. कोमट दुधात कालवून झाकून ठेव. मैद्याला आपण हात आवर म्हणतो, ह्याला थांब म्हणायचं. बेकिंग पावडर मग शेवटी घाल, नाहीतर ती वाट बघून दमेल. आणि गिरणीवाल्याला सांगून दोनदा दळ."

धाकटी घासायची थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते पाणी कसलं होतं हे तिचं तिलाच कळेना. तिला ह्या माणसाला एक जोरदार फटका मारावासा वाटत होता.

"हे माहीत होतं तुम्हाला?"

"केव्हाही विचार केला असता तर सुचलं असतं."

"मग केला का नाहीत? मी किती महिने धडपडत होते ह्या खोलीत! तुमच्या डोळ्यांसमोरून वर-खाली करत होते! तुमचा हात हवा होता मला भाऊजी. आणि तुम्ही मैदा दिलात. मैदा तर पिंपात भरलेलाच होता!"

भाऊजींनी साचा उजेडात धरला, फुंकर मारायला गेले आणि मधेच थांबले. धुतलेल्या फडक्याने पुसला.

खोलीची किल्ली आता धाकटीच्या गळ्यातल्या दोरीत असते. भाऊजी वर येतात ते हाक मारून. काही गिऱ्हाइकांनी पुठ्ठा वाचून भांडून घेतलं. काहींनी दुकान सोडलं. ग्रंथपाल काका बरेच दिवस आले नाहीत. मग एकदा आले ते कपाटाकडे न बघता थेट विचारत, "वर कोण करतं?"

"मी," धाकटी म्हणाली. "फक्त मी."

"तोडून दाखवा."

तिने दाखवला. दुधात भिजवून, थांबून, मग भाजलेला केक. खर गेली होती. ओल जरा राहिली होती, इसबगोलाचे ठिपके भरपूर होते. दाबल्यावर तो मांजरासारखा सावकाश वर आला, आणि मोडताना मोडला. धागा नाही, बोगदा नाही. चार कण काउंटरवर पडले.

काकांनी बोटाचं टोक जिभेला लावलं, ते कण टिपले आणि तोंडात टाकले. "अर्धाच काप द्या," ते म्हणाले. "पोट काय म्हणतं बघू. मग ठरवू."

"हो काका," धाकटी म्हणाली. ह्याहून जास्त त्यांनी का द्यावं?

आतल्या पायरीवर चिऊ तिचा काप खात बसली होती. अर्धा तोंडात, अर्धा फ्रॉकवर. आजीने पुसायला फडकं आणलं तर तिने ते ढकललं. फ्रॉकच्या घडीत सांडलेला एकेक कण ती चिमटीत धरून, डोळे बारीक करून बघत होती आणि मग खात होती. घरात पडलेला एकही कण, तो गव्हाचा असेल ह्या भीतीने, तिला ह्याआधी कुणी उचलू दिला नव्हता.